विषय: ओट अँड राइस क्लेन्झर खरंच व्हीगन आहे का, आणि ग्लिसरीन, पाम, मायका कुठून येतं?

नमस्कार,

मी मृणाल, पुण्याहून लिहितेय. तुमचा ओट अँड राइस जेंटल क्लेन्झर, 100 मिली ट्यूब, मी आणि माझी आई दोघी वापरतो. चेहरा ओढल्यासारखा होत नाही, वास सौम्य आहे, आईच्या कोरड्या स्किनलाही चालतो, त्यामुळे प्रॉडक्टबद्दल तक्रार काहीच नाही. प्रश्न वेगळा आहे.

मी व्हीगन आहे आणि ही ट्यूब घेतली ती पुढे "प्लांट-बेस्ड" लिहिलंय म्हणून. परवा दुकानात याच रेंजमधला रोज क्लेन्झर उचलला, त्याच्यावर पण पुढे तेच "प्लांट-बेस्ड", आणि मागे बघते तर सीआय 75470. म्हणजे कार्माइन, कोचिनियल किड्यांपासून काढलेला लाल रंग. मग प्लांट-बेस्ड म्हणजे तुमच्याकडे नेमकं काय धरतात हेच कळेना, आणि घरी येऊन माझ्या ट्यूबची यादी नीट वाचायला घेतली.

त्यात ग्लिसरीन, स्टिअरिक अ‍ॅसिड आणि ग्लिसरिल स्टिअरेट आहे. ही तिन्ही वनस्पती तेलातूनही बनतात आणि जनावरांच्या चरबीतूनही, आणि लेबलवर नाव दोन्हीकडे सेमच येतं, त्यामुळे वाचणाऱ्याला कळायचा काही मार्गच नाही. तुम्ही नेमकं कुठलं घेता? लॅक्टिक अ‍ॅसिड पण आहे, ते आजकाल बहुतेक मका किंवा साखरेच्या फर्मेंटेशनमधून येतं हे मला माहितेय, पण बहुतेक म्हणजे तुमचं तसंच असं नाही ना, म्हणून विचारतेय. आणि "फ्रेग्रन्स" या एका शब्दात काय काय येतं, त्यात मध, मेण किंवा दुधाचं काही आहे का?

हे आधी तुमच्या कस्टमर केअरला चॅटवर विचारलं होतं, उत्तर आलं "हो मॅम, 100% क्रुएल्टी-फ्री आहे आणि हिरवा ठिपकाही आहे". पण हे माझ्या प्रश्नाचं उत्तर नाही. कॉस्मेटिक्सच्या प्राण्यांवरच्या टेस्टिंगला भारतात 2014 पासूनच बंदी आहे, ती चांगलीच गोष्ट आहे, पण टेस्टिंग न करता बनवलेल्या क्रीममध्येही मेण किंवा लॅनोलिन असू शकतं. आणि हिरवा ठिपका शाकाहारी सांगतो, व्हीगन नाही. दूध, मध त्याला चालतं, मला नाही.

आता दुसरा भाग, आणि खरं सांगायचं तर मला हा जास्त महत्त्वाचा वाटतो. समजा सगळं वनस्पतींचंच आहे, तरी स्टिअरिक अ‍ॅसिड वनस्पतीचं म्हटलं की बऱ्याचदा ते पामचं असतं, आणि इंडोनेशिया-मलेशियात पामसाठी जंगलं तोडली गेली, ओरांगउटानची घरं गेली, मग प्राणी ट्यूबमध्ये नाही एवढ्यावर मी समाधान कसं मानू? तुमचं पाम आरएसपीओ सर्टिफाइड आहे का? असेल तर मास बॅलन्स की सेग्रिगेटेड, हेही सांगा, कारण मास बॅलन्समध्ये सर्टिफाइड आणि साधं तेल मिसळलेलं चालतं, दोन्ही एक नाही.

आणि मायका. क्लेन्झरला जी मोत्यासारखी हलकी चमक आहे ती त्याचीच असणार, यादीत शेवटी शेवटी मायका लिहिलंय. झारखंडात कोडरमा, गिरिडीह भागात मायकाच्या खाणींवर लहान मुलं काम करतात हे इतकी वर्षं समोर येतंय, आणि तुम्ही भारतातच माल बनवता. तुमचा मायका कुठल्या भागातून येतो, सप्लायर खाणीपर्यंत माग काढून देतो का, की मधल्या व्यापाऱ्याकडून घेतलेला आहे? मला तर वाटतं अर्ध्या मिनिटात धुऊन टाकायच्या वस्तूला चमक हवीच कशाला, काढून टाका ना, माझ्यासारख्या गिऱ्हाइकांना फरकही पडणार नाही.

ओट आणि तांदूळ भारतातले आहेत की बाहेरचे, तेही जमलं तर कळवा, पण ते नंतर सांगितलं तरी चालेल.

कृपया "आमची सगळी प्रॉडक्ट्स नॅचरल आहेत" असं ठरलेलं उत्तर पाठवू नका. ग्लिसरीन आणि दोन्ही स्टिअरिकवाल्या घटकांबद्दल सप्लायरचं लेखी डिक्लेरेशन असेल तर त्याची कॉपी द्या, रेट-बिट काय ते झाकून दिलं तरी चालेल. एखाद्या घटकाची माहिती तुमच्याकडेच नसेल तर तसंच स्पष्ट लिहा, मला ते गोलमोल उत्तरापेक्षा बरं वाटेल.

ट्यूबच्या मागच्या बाजूचा आणि बॅच नंबरचा फोटो सोबत जोडलाय. नवीन ट्यूब मागवायची आहे, तुमचं उत्तर आल्यावर मागवेन.

धन्यवाद,
मृणाल
कोथरूड, पुणे