एकोणीस वर्षं न झिजलेली सुरी

ताओ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "म्हणजे काहीच करायचं नाही, जे होईल ते होऊ द्यायचं?" आपल्या वाचनकट्ट्याच्या या बैठकीला येणाऱ्या बऱ्याच जणांनी हे नाव पहिल्यांदाच ऐकलंय, म्हणून आधी याचाच निकाल लावू. उत्तर "नाही" असं आहे. पण ते नुसतं सांगून पटत नाही. ताओवाद्यांनाही ते ठाऊक असावं, कारण त्यांनी व्याख्या दिल्या कमी आणि गोष्टी सांगितल्या जास्त.

ओळख जुजबीच पुरे. दोन ग्रंथ महत्त्वाचे. 'ताओ ते चिंग' हा लाओत्सेच्या नावावर चालतो. 81 छोटी प्रकरणं, सगळी मिळून पाचेक हजार चिनी अक्षरं. 'च्वांगत्से' हा इ.स.पू. चौथ्या शतकातल्या च्वांगत्सेचा, 33 प्रकरणांचा, आणि फार मिश्कील. ताओ म्हणजे जग ज्या रीतीनं चालतं ती वाट. त्या वाटेशी झटापट न करता जे काम होतं, त्याला म्हणायचं वू-वेई.

पहिली गोष्ट मात्र ताओवाद्यांची नाहीच; ती कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या मेन्शियसनं सांगितली. सुंग राज्यातल्या एका शेतकऱ्याला आपली रोपं वाढत नाहीत म्हणून चैन पडेना. शेवटी त्यानं एकेक रोप धरून थोडं थोडं वर ओढलं. दमून घरी आला आणि म्हणाला, "आज रोपांना वाढायला मदत केली." मुलगा धावत शेतात गेला, तर सगळी रोपं माना टाकून पडलेली. पुढे मेन्शियस म्हणतो, रोपांना मदत करता येत नाही म्हणून खुरपणीच सोडून देणाराही चुकतोच. आपला सुरुवातीचा प्रश्न इथेच निम्मा सुटतो. खुरपायचं, ओढायचं नाही.

आता तिंगची गोष्ट. हा वेन-हुई नावाच्या राजाचा आचारी, आणि गोष्ट आहे त्यानं बैल कापण्याची. कुणाला ती वाचताना अवघड वाटेल, पण महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा व्याध मांसाच्या दुकानात बसून ब्राह्मणाला धर्म सांगतोच की. च्वांगत्सेलाही असली माणसं आवडतात: खाटीक, सुतार, कुबडा म्हातारा. राजांना तो शिकवायला लावत नाही, शिकायला बसवतो.

तिंग बैल कापू लागला की हात, खांदा, पाय, गुडघा सगळं एका लयीत हलायचं आणि सुरीचा आवाज नाचाच्या तालावर पडावा तसा यायचा. राजा थक्क झाला. "कौशल्य इथवर पोचू शकतं?" तिंगनं सुरी खाली ठेवली. म्हणाला, "सुरुवातीला मला समोर नुसता बैल दिसायचा. तीन वर्षांनी अख्खा बैल दिसेनासा झाला. सांध्यांमध्ये मुळात फट असते आणि सुरीच्या धारेला जाडी नसते. जाडी नसलेली वस्तू फटीत घातली तर फिरायला जागाच जागा. चांगला आचारी वर्षाला सुरी बदलतो, कारण तो कापतो. साधा आचारी महिन्याला बदलतो, कारण तो घाव घालतो. माझ्या या सुरीला एकोणीस वर्षं झाली, हजारो बैल कापले. धार मात्र आत्ता सहाणेवरून आल्यासारखी आहे."

बहुतेक जण गोष्ट इथेच संपवतात आणि "सगळं सहज झालं" म्हणून मोकळे होतात. तिंग पुढे जे बोलतो ते मला जास्त मोलाचं वाटतं. "तरीही गुंतागुंतीचा सांधा आला की मी सावध होतो. नजर तिथेच ठेवतो, हात सावकाश करतो, सुरी अगदी किंचित हलवतो. आणि खळ्‌कन सगळं सुटतं, मातीचं ढेकूळ पडावं तसं." मग तो सुरी हातात धरून उभा राहतो, इकडेतिकडे बघतो, समाधान पावतो, सुरी पुसून ठेवून देतो. एकोणीस वर्षांनंतरही अवघड जागी तो थांबतोच. हा आळस नाही आणि नशिबावर सोडून देणंही नाही. जोर कमी आणि लक्ष जास्त, एवढंच. राजा म्हणाला, "जगायचं कसं ते आज मला कळलं." कापण्याबद्दल त्यानं अवाक्षर काढलं नाही.

दुसरा एक जण पाण्यातला. ल्यू-ल्यांगच्या धबधब्याखाली, जिथे मासे आणि कासवंही टिकत नाहीत, तिथे कन्फ्यूशियसला एक माणूस पाण्यात दिसला. जीव द्यायला उतरला असेल असं वाटून त्यानं शिष्यांना काठानं पळवलं. काही अंतरावर तो माणूस बाहेर आला आणि मोकळ्या केसांनी गाणं म्हणत काठावर हिंडू लागला. पोहण्याची काही खास विद्या आहे का असं विचारल्यावर म्हणाला, "नाही. भोवऱ्याबरोबर आत जातो, उसळीबरोबर वर येतो. पाण्याच्या वाटेनं जातो, माझं काही मध्ये आणत नाही." हा माणूस पाण्यातच वाढलेला होता. आपण हे ऐकून पूर आलेल्या नदीत उडी मारायची नसते, हे सांगायला नकोच.

"माझं मध्ये आणणं" म्हणजे काय, हे च्वांगत्से पैजेवरून दाखवतो. पैजेला खापराचा तुकडा लावला तर खेळणारा सफाईनं खेळतो. कमरपट्ट्याचा आकडा लावला की बिचकतो. सोनं लावलं की त्याची पार भंबेरी उडते. हात तोच, कसब तेच. "हे तर गीतेतलंच," असं कुणीतरी म्हणणारच, आणि ते अर्धं बरोबर आहे. फळावरची नजर काढा, इथवर दोघं सोबत आहेत. पण गीता अर्जुनाला त्याच्या कर्तव्याकडे वळवते. च्वांगत्सेला कर्तव्याशी घेणंदेणं नाही. हात का थरथरला, एवढंच तो बघतो.

राहिला समतोल. लू राज्यातल्या एका देवळात एक अजब भांडं होतं. रिकामं असलं की कललेलं, अर्धं भरलं की ताठ उभं, काठोकाठ भरलं की उलटं. कन्फ्यूशियसनं शिष्यांना पाणी ओतायला लावलं आणि तसंच झालं. अति तेथे माती हे आपल्याला लहानपणापासून पाठ आहे; लाओत्सेच्या नवव्या प्रकरणातही भरत राहण्यापेक्षा वेळीच थांबा असंच सांगितलंय. पण हे भांडं रिकामेपणीही सरळ राहत नाही, हे विसरू नका. त्यागाच्या नावाखाली सगळं ओतून टाकणाऱ्यालाही त्यात जागा नाही.

शेवटची गोष्ट माकडांची, आणि बैठकीत वाद व्हावा म्हणून ती मुद्दाम ठेवलीय. माकडं पाळणारा म्हणाला, "सकाळी तीन फळं देईन, संध्याकाळी चार." माकडं खवळली. "बरं, सकाळी चार, संध्याकाळी तीन." माकडं खूश. एकूण सातच. 'लिएत्से' या दुसऱ्या ताओवादी ग्रंथात हीच गोष्ट हुशार माणूस अडाण्यांना कसा गुंडाळतो, अशा अंगानं येते. च्वांगत्सेत तसं नाही. तिथे पाळणारा "माझंच बरोबर" म्हणून अडून बसत नाही, दोन्ही वाटा चालू देतो; त्याचं काही जात नाही आणि माकडांचा राग जातो. मला च्वांगत्सेचा पाळणारा जास्त पटतो. ज्यांना तो लबाड वाटतो, त्यांनी बैठकीत एवढंच सांगावं: तीन-चारवर ठाम राहून त्याच्या हाती काय लागलं असतं?