लिफ्टमधील वारंवार बिघाड व दुरुस्तीस होणारा विलंब

दि. १२ जून २०२५
सोलापूर

प्रति,
लिफ्ट देखभाल कंत्राटदार,
सोलापूर

विषय : तिसऱ्या मजल्याच्या दाराचे लॉक बदलणे व करारातील वेळा पाळणे

महोदय,

विजापूर रोडवरील आमच्या सात मजली, २८ फ्लॅटच्या इमारतीतील लिफ्ट सोमवारी, ९ जूनला सकाळी बंद पडली, ती आजही बंदच आहे. तुमच्या ऑफिसला सहा फोन झाले. म्हणून आता लेखी कळवत आहे.

आमचा वॉचमन लिफ्टची वही रोजच्या रोज लिहितो. बंद पडल्याची, फोन केल्याची आणि मेकॅनिक आल्याची वेळ त्यात असते, खाली मेकॅनिकची सही असते. १ एप्रिलपासून वहीत सात नोंदी आहेत. त्यातली २९ एप्रिलची चूक आमची. जिना धुताना पाणी लिफ्टच्या खड्ड्यात गेले होते, त्याबद्दल तुमच्याकडे तक्रार नाही. उरलेल्या सहांपैकी पाच वेळा एकच बिघाड आहे : तिसऱ्या मजल्याच्या दाराचे लॉक.

४ एप्रिलला सकाळी ९.१० ला फोन केला, माणूस दुपारी साडेचारला आला. १७ एप्रिलला संध्याकाळी ७.४० ला कळवले, माणूस दुसऱ्या दिवशी सव्वाबाराला. ८ मे रोजी मात्र तीन तासांत आला, तेही नोंदवले आहे. ३१ मे शनिवार होता, मेकॅनिक उगवला सोमवारी, २ जूनला. करारात चार तास लिहिले आहेत. त्यात रविवार वगळलेला नाही, मी पुन्हा वाचून पाहिला. पाचवी नोंद ९ जूनची.

पहिल्या चारही वेळी शेरा तोच : 'कॉन्टॅक्ट साफ करून लिफ्ट चालू केली.' लॉकचा रोलर झिजला आहे, त्यामुळे दार लागले तरी कॉन्टॅक्ट नीट बसत नाही आणि लिफ्ट जागेवर थांबते, हे तुमच्याच मेकॅनिकने आम्हाला दाखवले. मग साफसफाई करून किती दिवस काढायचे? २ जूनला तर तो म्हणाला, "पार्ट येईपर्यंत वायर टाकून डायरेक्ट करून देतो." मी त्याला तिथेच थांबवले. तो कॉन्टॅक्ट डायरेक्ट केला तर तिसऱ्या मजल्याचे दार उघडे असतानाही लिफ्ट चालेल. इमारतीत लहान मुले आहेत. असे काम कोणाच्याही सांगण्यावरून आमच्या लिफ्टमध्ये होता कामा नये, याची लेखी हमी द्यावी.

१८ मेची नोंद वेगळी आहे. रविवारी दुपारी १२.२५ ला वीज गेली आणि पाचव्या मजल्यावरच्या ७१ वर्षांच्या आजी दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये अडकल्या. वीज गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणणारी बॅटरीची यंत्रणा चाललीच नाही. सोलापूरचा मे महिना, आत पंखा बंद. तुमचा तातडीचा नंबर चार वेळा वाजला, कोणी उचलला नाही. शेवटी वीज आल्यावर, चाळीस मिनिटांनी, त्या बाहेर आल्या. माणूस अडकला असेल तर एका तासात पोहोचायचे, असा करार आहे. तुमचा मेकॅनिक दुसऱ्या दिवशी ११.२० ला आला आणि बॅटऱ्या गेल्याचे सांगून गेला. बॅटऱ्या करारात नाहीत, पैसे आम्हीच देणार. पण २० मेपासून मागतोय ते कोटेशन तरी पाठवा! आणि दर महिन्याच्या सर्व्हिसिंगमध्ये बॅटऱ्या तपासल्या जात होत्या का, तेही कळवा.

सध्या सहाव्या मजल्यावरच्या एका सभासदांना डायलिसिससाठी खुर्चीत बसवून जिन्याने खाली न्यावे लागते. मंगळवारी माझ्यासह चौघे होतो. 'पार्ट पुण्याहून येतोय' हे त्यांना किती दिवस सांगू?

काल, ११ जूनला, व्यवस्थापन समितीची सभा झाली. तिच्या निर्णयानुसार कळवतो की सोमवार, १६ जूनपर्यंत लॉक रोलर-कॉन्टॅक्टसह पूर्ण नवीन बसवावे आणि जुने आमच्या ताब्यात द्यावे. इतर मजल्यांची लॉकही त्याच फेरीत तपासून लेखी अहवाल द्यावा. रात्री आणि सुट्टीच्या दिवशी फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर हवा.

एप्रिल ते जूनचे जीएसटीसह १२,३९० रुपयांचे बिल मात्र वेळेवर आले आहे. काम पूर्ण होईपर्यंत ते रोखून ठेवत आहोत. १६ तारखेपर्यंत काम झाले नाही, तर करार संपवण्याची एक महिन्याची नोटीस देऊ आणि वहीच्या प्रतींसह विद्युत निरीक्षक कार्यालयाकडे तक्रार करू.

तुमची माणसे कामात वाईट नाहीत, लिफ्ट बसवल्यापासून तुम्हीच ती पाहता. म्हणूनच आधी हे पत्र. मेकॅनिक कधी येणार ते उद्या दुपारी बारापर्यंत फोनवर कळवावे. मी घरीच आहे.

आपला,
सचिव,
सहकारी गृहनिर्माण संस्था, विजापूर रोड, सोलापूर

सोबत : लिफ्ट नोंदवहीच्या पानांच्या व कराराच्या झेरॉक्स प्रती
प्रत : अध्यक्ष व खजिनदार