गिटमधील कमिट, ब्रँच आणि मर्ज : स्लाइडसोबत वाचावयाचे विवेचन

द्वितीय वर्षाच्या प्रकल्प गटांसाठी दाखवलेल्या स्लाइडवर आकृत्या अधिक आणि वाक्ये कमी आहेत, त्यामुळे त्यांच्यासोबत हे विवेचन वाचावे. उदाहरण म्हणून आपल्या एका गटाचाच प्रकल्प घेतला आहे : सांगलीच्या मार्केट यार्डात हळद विकल्यानंतर शेतकऱ्याच्या हाती जी पट्टी पडते, ती तयार करणारा प्रोग्राम. पोत्यांची संख्या, वजन आणि दर यांवरून एकूण रक्कम काढायची, त्यातून हमाली, तोलाई वगैरे वजा करायची आणि निव्वळ रक्कम छापायची, एवढेच त्याचे काम. पुढे येणारे आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. ते बाजारातले दर समजू नयेत.

गिट हे प्रोग्राममधील बदलांचा इतिहास जपणारे साधन आहे. ते समजण्यासाठी पहिल्या स्लाइडवरील वहीचे चित्र नीट पाहा. ही वही गटातील चौघांची सामाईक आहे, परंतु तिचे नियम नेहमीच्या वहीपेक्षा कडक आहेत. लिहिलेले पान खोडायचे नाही; बदल करायचा असेल तर नवे पान घ्यायचे. प्रत्येक पानावर त्या क्षणी संपूर्ण प्रोग्राम कसा आहे ते नोंदवायचे, खाली लिहिणाऱ्याचे नाव, वेळ आणि बदलाचे कारण लिहायचे आणि हे पान कोणत्या पानानंतरचे आहे तेही लिहायचे. असे एक पान म्हणजे एक कमिट. कमिटमध्ये फक्त बदललेल्या ओळी साठवलेल्या असतात, असे अनेक जण गृहीत धरतात. ते बरोबर नाही. कमिट ही संपूर्ण प्रकल्पाची त्या क्षणाची नोंद असते. मात्र जी फाइल बदललेली नाही तिची प्रत गिट पुन्हा करत नाही, आधीच्याच प्रतीकडे बोट दाखवते.

पानाला क्रमांक कसा मिळतो, हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. क्रमांक आपण देत नाही. पानावर जे लिहिले आहे त्यावरूनच तो गणिताने काढला जातो. एसएचए-१ पद्धतीने निघणारा हा क्रमांक, म्हणजेच हॅश, ४० अक्षरांचा असतो आणि पडद्यावर बहुधा त्यातील पहिली सात-आठ अक्षरेच दिसतात. मजकुरात मागील पानाचा क्रमांकही अंतर्भूत असल्यामुळे जुन्या पानावरील एक अक्षर जरी बदलले, तरी त्या पानाचा आणि त्यानंतरच्या प्रत्येक पानाचा क्रमांक बदलतो. म्हणूनच इतिहासात गुपचूप फेरफार करता येत नाही. एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलसाठी गिट लिहायला घेतले, ते तोवर या कामासाठी वापरात असलेल्या बिटकीपर या प्रणालीची मोफत वापराची सवलत बंद झाल्यामुळे. जगभर विखुरलेल्या लोकांनी एकमेकांकडून आलेल्या नोंदींवर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता, आणि क्रमांकाची ही रचना त्याच्या उत्तराचा एक भाग आहे. संपूर्ण वहीची प्रत प्रत्येकाच्या संगणकावर असते, ही दुसरी गोष्टही तेवढीच महत्त्वाची.

दुसऱ्या स्लाइडवरील आज्ञा अशा आहेत :

```
git add patti.py
git commit -m "हमाली पोत्यांऐवजी वजनावर आकारली"
```

पहिली आज्ञा पानावर काय उतरवायचे ते निवडते आणि दुसरी पान लिहून पूर्ण करते. मधल्या जागेला स्टेजिंग म्हणतात. तुम्ही एका बैठकीत हमालीचे सूत्रही बदलले आणि छपाईची मांडणीही सुधारली असेल, तर ही दोन कामे दोन पानांवर लिहिता यावीत, यासाठी ती सोय आहे. संदेशात 'बदल केले' असे लिहू नये. बदल झाला हे पानावरून दिसतेच, तो का केला हे मात्र संदेशाशिवाय कळत नाही.

तिसरी स्लाइड ब्रँचची आहे. ब्रँच म्हणजे प्रकल्पाची वेगळी प्रत नव्हे. ती वहीतील एका पानावर लावलेली नाव लिहिलेली खूणचिठ्ठी आहे. चिठ्ठीवर फक्त त्या पानाचा क्रमांक असतो आणि नवे पान लिहिले की चिठ्ठी आपोआप त्यावर सरकते. आपल्याकडे `main` ही एक चिठ्ठी आहेच. हमालीचे काम वेगळे करायचे असेल तर असे लिहावे :

```
git switch -c hamali-badal
```

आता दोन्ही चिठ्ठ्या एकाच पानावर आहेत. आपण नेमके कोणत्या चिठ्ठीसोबत लिहीत आहोत, हे `HEAD` सांगते. पुढचे पान लिहिले की `hamali-badal` पुढे जाते आणि `main` जागेवर राहते. दरम्यान दुसऱ्याने `main` वर आपले पान लिहिले, तर एकाच पानानंतरची दोन निरनिराळी पाने तयार होतात. शिवलेल्या वहीत हे शक्य नाही, म्हणून ही वही सुट्या पानांची आहे असे धरावे. पानांचा क्रम त्यांवर लिहिलेल्या मागील पानाच्या क्रमांकावरून ठरतो.

चौथ्या स्लाइडवर मर्ज, म्हणजे दोन ब्रँचवरचे काम एकत्र करणे, आहे.

```
git switch main
git merge hamali-badal
```

`main` वर मधल्या काळात काहीच लिहिले गेले नसेल, तर गिट केवळ चिठ्ठी पुढे सरकवते. यास फास्ट-फॉरवर्ड म्हणतात. दोन्ही बाजूंना पाने लिहिली गेली असतील, तर गिट तीन पाने समोर ठेवते : दोन्ही टोकांची आणि जिथून वाटा फुटल्या ते सामाईक पान. जी ओळ एकाच बाजूने बदलली आहे तिथे ते बदललेली ओळ घेते, आणि शेवटी मागील पाने म्हणून दोन क्रमांक असलेले नवे पान लिहिते. एकच ओळ दोघांनी निरनिराळी बदलली असेल, तर ते थांबते. आपल्या सामाईक पानावर हमाली पोत्यामागे १० रुपये होती. एकाने ती १२ केली, दुसरीने आकारणीच वजनावर नेली. फाइल उघडल्यावर असे दिसते :

```
<<<<<<< HEAD
hamali = pote * 12
=======
hamali = vajan * 0.25
>>>>>>> hamali-badal
```

वरचा भाग `main` वरचा आहे, खालचा येणाऱ्या ब्रँचचा. यातील कोणती ओळ खरी, हे गिट सांगू शकत नाही, कारण हा प्रश्न प्रोग्रामचा नसून अडत दुकानात हमाली कशी धरतात याचा आहे. दोघांनी एकत्र बसावे, लागल्यास दुकानात विचारून यावे, योग्य ओळ ठेवावी, खुणांच्या तिन्ही ओळी काढाव्यात आणि मग `git add` व `git commit` करावे. निर्णय लगेच होणार नसेल तर `git merge --abort` लिहून मर्ज सुरू करण्यापूर्वीच्या स्थितीत परत यावे.

याहून अधिक जपायचे ते न थांबलेल्या मर्जला. एकाने `ekun_vajan` या फंक्शनचे नाव बदलून `nivval_vajan` केले आणि दुसरीने नव्या फाइलमध्ये जुन्याच नावाने ते वापरले, तर ओळी एकमेकींना भिडत नाहीत. गिट विनातक्रार मर्ज करते आणि प्रोग्राम चालवल्यावर कोलमडतो. म्हणून प्रत्येक मर्जनंतर हाताने तपासलेली एखादी जुनी पट्टी प्रोग्रामला देऊन निव्वळ रक्कम जुळते का, ते पाहावे. रक्कम जुळल्यावर `git branch -d hamali-badal` लिहून ब्रँच काढून टाकण्यास हरकत नाही; त्याने फक्त चिठ्ठी जाते, पाने वहीतच राहतात, आणि काम अजून मर्ज झालेले नसेल तर गिट ती चिठ्ठी काढण्यास नकार देते.