गुडघेदुखी आणि कंबरदुखी: आमच्याकडे काय होतं, काय होत नाही

(दवाखान्याचं सुधारित माहितीपत्रक. जुनं पत्रक घरात असेल तर ते टाकून द्या, हे ठेवा.)

आधी जुन्या पत्रकाविषयी

आमच्या आधीच्या पत्रकावर "गुडघेदुखीपासून कायमची सुटका" असं मोठ्या अक्षरांत छापलं होतं. त्याखाली व्हीलचेअरवर बसलेल्या बाईंचा फोटो आणि "आज दुर्लक्ष, उद्या परावलंबन" ही ओळ होती. मागच्या पानावर "ऑपरेशनशिवाय शंभर टक्के खात्रीशीर उपचार". या तिन्ही ओळी आम्ही मागे घेतल्या आहेत. झिजलेला गुडघा कायमचा बरा करणारा उपचार आमच्याकडे नाही, दुसऱ्या कुणाकडेही नाही. गुडघा दुखणाऱ्या बहुतेकांना व्हीलचेअर कधीच लागत नाही. खात्री देणं तर डॉक्टरच्या हातातच नसतं.

पेशंटांचे फोटो आणि त्यांचे अनुभवही काढून टाकले. ते अनुभव खोटे नव्हते. पण ज्यांना बरं वाटलं त्यांनाच आम्ही चार ओळी लिहून मागितल्या होत्या. ज्यांना फरक पडला नाही त्यांच्याकडे कुणी कागद-पेन घेऊन गेलंच नाही. "पहिल्या पन्नास पेशंटना सवलत" ही योजनाही बंद केली आहे. वर्षानुवर्षं दुखणाऱ्या गुडघ्याचा निर्णय या आठवड्यातच घ्यायला हवा, असं भासवणं बरोबर नव्हतं.

इथे कोण आहे

एक अस्थिरोगतज्ज्ञ आणि दोन फिजिओथेरपिस्ट. एक्स-रे इथे निघतो. एमआरआय आणि ऑपरेशन इथे होत नाही. त्यासाठी दुसरीकडे चिठ्ठी देतो. त्या बदल्यात आम्हाला कुणाकडूनही पैसे किंवा भेट मिळत नाही. चिठ्ठीवरच्या जागी न जाता तुमच्या ओळखीच्या ठिकाणी गेलात तरी रिपोर्ट आम्ही तेवढ्याच लक्षपूर्वक बघू.

पहिल्या भेटीत

साधारण चाळीस मिनिटं लागतात. त्यातला निम्मा वेळ बोलण्यात जातो: कधी दुखतं, कशाने वाढतं, जिना चढताना जास्त की उतरताना, रात्री झोपमोड होते का, आधी काय काय करून झालं. मग तपासणी.

त्यात एक साधी चाचणी असते. हात छातीशी घडी घालून खुर्चीवर बसायचं आणि तीस सेकंदांत जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा उभं राहून पुन्हा बसायचं. तो आकडा आम्ही केसपेपरवर लिहितो आणि सहा आठवड्यांनी हीच चाचणी पुन्हा घेतो. "थोडं बरं वाटतंय का?" या प्रश्नाला डॉक्टरसमोर बसलेला माणूस संकोचाने "हो" म्हणतो, असा आमचा अनुभव आहे. उठण्या-बसण्याचा आकडा संकोच करत नाही.

एक्स-रे प्रत्येकाचा काढत नाही. एक्स-रेतली झीज आणि प्रत्यक्षातलं दुखणं यांचा मेळ बसतोच असं नाही. फिल्मवर बरीच झीज दिसणारा माणूस मजेत फिरत असतो आणि किरकोळ झीज असलेल्याला जिना नकोसा होतो. उपचार ठरवायला गरज असेल तरच काढतो.

गुडघा

"वंगण संपलंय" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित आमच्याकडेच. ते आम्ही आता वापरत नाही. गुडघा म्हणजे तेल घातलं की चालणारं यंत्र नव्हे. सांध्यातली कूर्चा पातळ होते, आजूबाजूचं हाड आणि सांध्याचं अस्तर त्याला प्रतिसाद देतात, मांडीचे स्नायू दुखण्यामुळे कमी वापरले जाऊन अशक्त होतात आणि मग सांध्यावर आणखी ताण येतो. गेलेली कूर्चा आम्हाला परत आणता येत नाही. पण स्नायू पुन्हा बळकट होतात, सत्तरीतही. म्हणून आमच्या उपचारात व्यायामाचा वाटा सगळ्यात मोठा आहे.

बहुतेकांची सुरुवात अशी होते: पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि मांडीचा स्नायू आवळून गुडघा त्या गुंडाळीवर पाच सेकंद दाबून धरायचा. मग सोडायचा. असं दहा वेळा. पुढचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट तुमच्याकडे बघून ठरवतात. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत शांत झालं तर चालतं. त्याहून जास्त टिकलं तर व्यायाम हलका करून घ्यायचा, बंद करायचा नाही. फरक जाणवायला सहा ते बारा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात काही वाटलं नाही म्हणून सोडून देणारे बरेच असतात, म्हणून हे आधीच सांगतो. नियमित करूनही काहींना फारसा फरक पडत नाही, हेही खरं.

वजन जास्त असेल तर ते कमी झाल्याचा फायदा गुडघ्याला होतो. शरीराचं वजन एक किलोने कमी झालं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने उतरतो. यावरून इथे कुणी तुम्हाला बोलणार नाही.

काठी वापरायची असेल तर ती दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. जवळजवळ सगळेच ती दुखऱ्या बाजूला धरून येतात.

इंजेक्शनं

स्टेरॉइडचं इंजेक्शन सूज आणि दुखणं कमी करतं. आराम काही आठवडे टिकतो, काहींना तीनेक महिने, काहींना मिळतच नाही. मधुमेह असेल तर नंतर काही दिवस साखर वाढू शकते, म्हणून आधी सांगा. एकाच गुडघ्यात तीन महिन्यांच्या आत आम्ही ते पुन्हा देत नाही. नजीकच्या काळात गुडघा बदलायचा विचार असेल तरही टाळतो, कारण इंजेक्शननंतर लवकर ऑपरेशन केलं तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

स्वतःच्या रक्तातून काढलेल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन, म्हणजे पीआरपी, याची जाहिरात आमच्या जुन्या पत्रकात "गुडघा नवा करणारं तंत्रज्ञान" अशी होती. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 288 जणांपैकी काहींना पीआरपी आणि बाकीच्यांना नुसतं सलाईन टोचलं होतं. कुणाला काय मिळालं हे त्यांना माहीत नव्हतं. वर्षभरानंतर दुखण्यात आणि कूर्चेच्या झिजेत दोन्ही गटांत ठळक फरक निघाला नाही. इतर काही अभ्यासांत फायदा दिसला आहे, त्यामुळे वाद मिटलेला नाही. आम्ही हे इंजेक्शन सध्या सुचवत नाही. ते महाग आहे, आणि त्या पैशांत काय मिळेल हे आम्हाला छातीठोकपणे सांगता येत नाही.

ऑपरेशनची वेळ आली तर

"ऑपरेशन टाळा" हे आमचं ब्रीद होतं. तेही काढलं. चालणं, झोप आणि रोजची कामं अडत असतील आणि बाकीचं नीट करून झालं असेल, तर सांधा बदलणं हा चांगला उपाय आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी साधारण 82 टक्के 25 वर्षं टिकतात. दुसरी बाजूही ऐका: दहातल्या एका-दोघांना ऑपरेशननंतरही दीर्घकाळ दुखत राहतं, आणि थोड्या जणांत जंतुसंसर्ग किंवा रक्ताची गुठळी होण्यासारखी गुंतागुंत होते. निर्णय तुमचा. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं असेल तर तुमची सगळी कागदपत्रं लगेच देऊ.

कंबर

नव्याने भरलेली किंवा धरलेली कंबर बहुतेकांची काही आठवड्यांत बरीच सुटते, आमच्याकडे न येताही. अंथरुणाला खिळून राहू नका. जमेल तेवढी हालचाल चालू ठेवा.

"मणक्यात गॅप आहे", "गादी सरकली आहे" असं कुणी एमआरआय बघून सांगितलं म्हणून धसका घेऊ नका. ज्यांना कंबरदुखी नाही अशा लोकांच्या एमआरआयचा आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. पन्नाशीतल्या साधारण 60 टक्के लोकांत गादी फुगलेली दिसली, आणि त्यांना काहीच त्रास नव्हता. म्हणजे रिपोर्टमधली ओळ आणि तुमचं दुखणं यांचा संबंध असेलच असं नाही. पायात कळ जाणाऱ्या दुखण्यातही बरेच जण ऑपरेशनशिवाय सुधारतात, फक्त वेळ लागतो. तो वेळ सुसह्य करायला गोळ्या, व्यायाम आणि योग्य माहिती एवढंच आम्ही देतो. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून त्या मोजक्या दिवसांसाठीच. मेडिकलमधून स्वतःहून वाढवू नका.

या लक्षणांत थांबू नका

ही लक्षणं क्वचित दिसतात. बसण्याच्या जागी किंवा जांघेत बधिरपणा येणं, लघवी अडणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, पायातली ताकद झपाट्याने कमी होणं: यांपैकी काही झालं तर आमच्या वेळेची वाट न पाहता मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा. गुडघा अचानक लाल, गरम, खूप सुजलेला आणि सोबत ताप असेल तरही तसंच. पडल्यानंतर पायावर भार देता येत नसेल, कंबरदुखीबरोबर ताप किंवा कारणाशिवाय वजन घटत असेल, किंवा पूर्वी कॅन्सर झाला असेल, तर त्याच दिवशी फोन करून कळवा.

पैसे

दरपत्रक काउंटरशेजारी भिंतीवर लावलं आहे. उपचार सुरू करण्याआधी अंदाजे खर्च कागदावर लिहून देतो. दहा-वीस बैठकांचं पॅकेज आगाऊ घ्यावं लागत नाही. एकेका भेटीचे पैसे द्या. व्यायाम घरी नीट जमू लागले की येणं कमी करायला आम्हीच सांगू.

वेळ आणि येताना

सोमवार ते शनिवार, सकाळी 10 ते 1 आणि संध्याकाळी 5 ते 8. बुधवारी संध्याकाळी फक्त फिजिओथेरपी. जुने रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं (रक्त पातळ करणाऱ्या असतील तर नक्की) आणि नेहमी वापरता त्या चपला घेऊन या. गुडघ्याच्या वर सहज सरकेल असा सैल कपडा घाला. वाचायचा चष्मा विसरू नका, व्यायामाचा कागद इथेच वाचून एकदा करून बघायचा असतो.