चालढकल आणि अभ्यासाच्या सवयी : निनावी प्रश्नावली

नमस्कार. मी मानसशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ही प्रश्नावली माझ्या प्रकल्पासाठी आहे. प्रश्न आठ, वेळ सहा-सात मिनिटं. वय 18 पूर्ण असेल तरच भरा.

नाव, ईमेल, रोल नंबर काही घेतलेलं नाही. फक्त उत्तर आल्याची वेळ नोंदली जाते. त्यामुळे एकदा ‘पाठवा’ दाबलं की उत्तर मागे घेता येणार नाही. तुमचं कुठलं, हे मलाही शोधता येणार नाही. मध्येच सोडून दिलंत तर काहीच साठत नाही.

ही चाचणी नाही. गुण नाहीत, ‘तुम्ही आळशी आहात’ असा निकाल नाही, कुठल्याही आजाराचं निदान नाही. नुकसान होईल हे माहीत असूनही काम पुढे ढकलणं, एवढाच इथे चालढकलीचा अर्थ.

1. वर्ष कोणतं?
पहिलं / दुसरं / तिसरं / पदव्युत्तर
(विषय मुद्दाम विचारला नाही. आमच्या वर्गात अकराच जण आहेत, विषय कळला की माणूस कळतो.)

2. राहता कुठे?
घरी / होस्टेलवर / कॉट बेसिसवर / नातेवाइकांकडे

3. मागच्या सबमिशनचं जर्नल लिहायला कधी घेतलंत?
प्रॅक्टिकल झालं त्याच आठवड्यात / तारीख लागल्यावर / आदल्या रात्री / सहीच्या रांगेत उभं राहून / तारीख उलटल्यावर

4. प्रत्येक विधानाला 1 (अजिबात नाही) ते 5 (अगदी तसंच) यांपैकी आकडा द्या. विधानं एकाच बाजूची नाहीत, वाचून मगच द्या.
• पुस्तक उघडलं की आधी टेबल आवरावंसं वाटतं.
• ठरवलेल्या वेळी मी अभ्यासाला बसतो/बसते.
• नीट जमणार नाही या भीतीने सुरुवातच होत नाही.
• वेळापत्रक करण्यात अख्खी संध्याकाळ जाते.
• तारीख डोक्यावर आल्याशिवाय हात चालत नाही.

5. अभ्यास टळतो तेव्हा त्या वेळात काय होतं? (हवे तितके निवडा)
रील्स / झोप / चहाच्या टपरीवर गप्पा / घरकाम / नोकरी किंवा प्रवास / दुसऱ्याच विषयाचा अभ्यास
(नोकरीत, प्रवासात किंवा घरकामात वेळ जाणं ही चालढकल नव्हे. तो फरक मला मोजायचा आहे.)

6. अभ्यास सगळ्यात चांगला कुठे होतो?
घरी / अभ्यासिकेत / कॉलेजच्या लायब्ररीत / मित्रमैत्रिणींसोबत / कुठेच नाही

7. काम ढकलल्यावर कसं वाटतं?
सुटल्यासारखं / अपराधी / आधी सुटल्यासारखं, मग अपराधी / विशेष काही नाही

8. गेल्या पंधरा दिवसांत ढकललेलं एक काम दोन-तीन ओळींत लिहा. कुणाचंही नाव नको, सरांचं तर नकोच. (ऐच्छिक)

उत्तरं मी आणि माझ्या मार्गदर्शक मॅडम, दोघीच वाचणार. तोंडी परीक्षा झाली की फाइल पुसून टाकणार.

भरताना मनावर ताण आला तर थांबा. बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे.

शेवटची तारीख 20 सप्टेंबर, रात्री 11:59. मुदतवाढ नाही. शेवटच्या तासात किती उत्तरं येतात, तेही मी मोजणार आहे.