विषय: क्यूए इंजिनिअरच्या जागेसाठी अर्ज (५ वर्षांचा अनुभव, लगेच जॉईन होऊ शकते)

नमस्कार मॅडम,

तुमच्या टीमला वेब ऑटोमेशन येणारं कोणीतरी हवंय अशी पोस्ट वाचली, म्हणून अर्ज पाठवतेय. रेझ्युमे जोडलाय.

मी ५ वर्षं टेस्टिंग केलंय, त्यातली शेवटची ३ एका पेमेंट अ‍ॅपवर. तिथे पेमेंट आणि रिफंडचं टेस्टिंग पूर्ण माझ्याकडे होतं, म्हणजे नेट मधेच गेलं, युजरने पे बटण दोनदा दाबलं, बँकेचा रिस्पॉन्स उशिरा आला, पैसे कटले पण ऑर्डर फेलच दिसतेय, असल्या सगळ्या केसेस. एकच रिक्वेस्ट दोनदा गेली तरी पैसे एकदाच कटले पाहिजेत, हे प्रत्येक रिलीजच्या आधी मी एपीआय लेव्हलला तपासायचे. मला मनापासून आवडतं ते हेच काम, आणि तुमच्या पोस्टमध्ये चेकआउटचा उल्लेख दिसला म्हणूनच लगेच लिहायला घेतलं.

रेझ्युमेत मार्च २०२४ ते ऑगस्ट २०२५ गॅप दिसेल. वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला होता, त्यांच्याजवळ पूर्णवेळ थांबायचं म्हणून मी नोकरी सोडली. आता ते बरे आहेत, स्वतःचं स्वतः करतात, त्यामुळे मी फुल टाइम कामाला मोकळी आहे.

परत काम सुरू करायचं ठरल्यावर आधी प्लेराइट शिकून घेतलं, कारण माझं आधीचं सगळं ऑटोमेशन सेलेनियममध्ये होतं. सरावासाठी एका डेमो शॉपिंग साइटच्या जुन्या स्क्रिप्ट्स त्यात नव्याने लिहिल्या. जुन्या कोडमध्ये जागोजागी `Thread.sleep(5000)` होतं, ते सगळं काढता आलं, कारण क्लिक करायच्या आधी बटण दिसतंय का, हलत तर नाही ना, इनेबल आहे का हे प्लेराइट स्वतःच बघतं. पण ऑर्डरचं स्टेटस सर्व्हरवर उशिरा बदलतं तिथे तेवढ्याने भागत नाही, टेस्ट कधी पास कधी फेल व्हायची, मग `expect.poll` लावून स्टेटस परत परत तपासलं आणि तो प्रॉब्लेम गेला. कोडची लिंक रेझ्युमेमध्ये पहिल्याच पानावर दिलीय, वेळ मिळाला तर चेकआउटचा फोल्डर नक्की बघा, त्यात माझी काम करायची पद्धत नीट कळेल.

तुमच्याकडे एखादी प्रॅक्टिकल टेस्ट असेल तर ती द्यायला आवडेल, किंवा तुमच्या चेकआउटचा एखादा फ्लो दिलात तर त्याच्या टेस्ट केसेस लिहून पाठवते. बोलायला मी या आठवड्यात कधीही अव्हेलेबल आहे, नंबर रेझ्युमेत आहे.

धन्यवाद,
स्नेहा