गुरुवारच्या आढावा बैठकीचं रेकॉर्डिंग: तुमची परवानगी हवी आहे

सर्वांना नमस्कार,

गुरुवारी, १२ नोव्हेंबर २०२६ रोजी सकाळी ११ ते १२.३० या वेळेत आपली ऑनलाइन आढावा बैठक आहे. जुन्या बिलिंग यंत्रणेतून नव्या यंत्रणेत डेटा हलवताना दोन दिवस बिलं अडकून पडली. ते कसं झालं आणि पुढच्या टप्प्यात ते कसं टाळायचं, एवढाच विषय आहे. या बैठकीतल्या चर्चेचा आवाज रेकॉर्ड करावा असं मला वाटतं, आणि त्यासाठी प्रत्येकाची परवानगी हवी आहे. उत्तर मंगळवारी, १० तारखेला संध्याकाळी ५ पर्यंत द्या. फक्त मला द्या, 'सर्वांना उत्तर' नको.

रेकॉर्डिंग कशासाठी, ते आधी सांगते. मागच्या बैठकीत आपण ठरवलं होतं की जुनी यंत्रणा फक्त वाचण्यापुरती चालू ठेवायची. बोलताना मीच लिहून घेत होते आणि माझ्या टिपणात 'जुनी यंत्रणा बंद ठेवायची' असं उतरलं. आपल्या सहकाऱ्याने ते टिपण वाचून ती शुक्रवारी बंद केली. सोमवारी ग्राहकांच्या जुन्या पावत्या शोधताना सगळ्यांची धावपळ झाली. त्याने लिहिलं होतं तेच केलं होतं, चूक लिहिण्यात होती. एकाच माणसाने ऐकायचं, समजून घ्यायचं, प्रश्न विचारायचे आणि त्याच वेळी लिहायचं, यात काहीतरी निसटतंच. या वेळी तर कुठल्या मिनिटाला काय घडलं याचा क्रम लावायचा आहे, त्यामुळे पुन्हा ऐकून पडताळता आलं तर फार मदत होईल.

दुसरं कारण म्हणजे रात्रपाळीतले आपले दोन सहकारी. बिलं अडकली तेव्हा तेच कामावर होते, आणि ११ वाजता त्यांना झोपेतून उठवणं मला योग्य वाटत नाही. त्यांचं म्हणणं मी आधी लेखी घेणार आहे. त्यावर काय चर्चा झाली, ते त्यांना नंतर ऐकता यायला हवं.

आता अडचणीची बाजू. या बैठकीत आपल्याला आपल्याच चुकांबद्दल बोलायचं आहे. समोर रेकॉर्डिंग चालू असलं की माणूस शब्द जपून वापरतो, आणि शब्द जपून वापरले तर बैठकीचा उपयोगच उरत नाही. म्हणून तुमचा नकार मला खरोखर चालेल. कारण सांगावं लागणार नाही. एकाने जरी 'नको' म्हटलं तरी रेकॉर्डिंग होणार नाही. तसं झालं तर मी सगळ्यांना 'या वेळी रेकॉर्डिंग नाही' एवढंच कळवेन. कोणी नको म्हटलं, किती जणांनी म्हटलं, हे माझ्याशिवाय कोणालाही कळणार नाही, आपल्या विभागप्रमुखांनाही नाही. मग मी आणि ग्राहक मदत विभागातली आपली सहकारी, अशा दोघी लिहून घेऊ आणि प्रत्येक निर्णय तिथेच मोठ्याने वाचून दाखवू. त्याला दहा मिनिटं जास्त लागतील, पण काम होईल.

मौन म्हणजे संमती, हा हिशेब इथे लावणार नाही. उत्तर आलं नाही तर ते 'नको' असंच धरेन. 'हो, पण अमुक विषयाच्या वेळी बंद ठेवा' असं उत्तरही चालेल.

काय रेकॉर्ड होईल: फक्त आवाज. कोणाचा चेहरा, पडद्यावर दाखवलेली कागदपत्रं किंवा ग्राहकांची माहिती त्यात येणार नाही. बैठकीत लिहिलेले संदेशही साठवणार नाही, त्यातल्या कामाच्या लिंक मी हाताने उतरवून घेईन. सॉफ्टवेअरमधली बोलणं आपोआप लिहून काढणारी सोय बंद ठेवणार आहे. सुरुवातीची दहा मिनिटं ओळखीची आहेत, ती रेकॉर्ड होणार नाहीत. शेवटची पंचवीस मिनिटं मुद्दाम मोकळी ठेवली आहेत. ज्याला रेकॉर्डिंगबाहेर काही बोलायचं असेल त्याने ते तेव्हा बोलावं. त्या वेळचं काहीही, बोलणाऱ्याने स्वतः सांगितल्याशिवाय, टिपणातही येणार नाही. म्हणजे रेकॉर्डिंग होईल ते मधल्या ५५ मिनिटांचं.

ते ठेवणार कुठे: बैठकीच्या सॉफ्टवेअरच्या क्लाउडवर नाही. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर रेकॉर्ड होईल, ज्याची डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे. त्याच संध्याकाळी फाइल प्रकल्पाच्या सर्व्हरवर एका वेगळ्या फोल्डरमध्ये जाईल आणि लॅपटॉपवरची प्रत मी पुसेन. फोल्डर उघडण्याची परवानगी दोघींनाच असेल: मला आणि माझ्याबरोबर टिपणं लिहिणाऱ्या सहकारीला. रात्रपाळीतल्या दोघांना फक्त ऐकण्यापुरती लिंक मिळेल, त्यावरून फाइल उतरवून घेता येणार नाही. बैठकीतल्या कोणालाही आपलं बोलणं परत ऐकायचं असेल तर तशीच लिंक मी देईन. फाइल कोणी, कधी उघडली याची नोंद सर्व्हरवर राहते. ती नोंद तुमच्यापैकी कोणीही माझ्याकडे पाहायला मागू शकतं.

लिंकबद्दल एक गोष्ट खरी खरी सांगायला हवी. ऐकणाऱ्याने दुसऱ्या फोनवर आवाज टिपून घेतला तर ते तांत्रिकरीत्या अडवता येत नाही. म्हणून मी रात्रपाळीतल्या दोघांकडून तसं न करण्याचा शब्द घेतला आहे. तोच शब्द या पत्राने तुमच्याकडूनही मागते: बैठकीत दुसऱ्या कोणीही, कशावरही, रेकॉर्डिंग करायचं नाही.

तारखा अशा. टिपणांचा मसुदा सोमवारी, १६ नोव्हेंबरला तुमच्याकडे येईल. दुरुस्त्या शुक्रवारी, २० तारखेपर्यंत कळवा. सोमवारी, २३ तारखेला टिपणं कायम होतील. त्यानंतर महिनाभर, पुढच्या टप्प्याचं काम चालू असेपर्यंत, पडताळणीसाठी रेकॉर्डिंग ठेवू आणि बुधवारी, २३ डिसेंबरला पुसून टाकू. पुसलेली फाइल कचरापेटीत पडून राहते, म्हणून तीही त्याच वेळी रिकामी करेन. तरीही एक प्रत उरतेच: सर्व्हरचा बॅकअप ३० दिवस राहतो आणि त्यातली एकच फाइल वेगळी काढून पुसता येत नाही. म्हणजे शेवटची प्रत २२ जानेवारी २०२७ रोजी जाईल. '२३ डिसेंबरला सगळं संपलं' असं लिहिणं सोपं होतं, पण ते खरं झालं नसतं. रेकॉर्डिंग पुसल्यावर तुम्हा सर्वांना दोन ओळींचा मेल करेन.

टिपणं मात्र तीन वर्षं प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये राहतील आणि प्रकल्पावरचे सगळे ती वाचू शकतील, नंतर येणारे लोकही. म्हणून त्यात नावं कुठे येतील हे आधीच ठरवू या. जबाबदारीपुढे नाव येईल: कोणतं काम, कोणाकडे, कधीपर्यंत. मतांपुढे नाव येणार नाही. घटनांच्या क्रमात वेळ आणि कृती येईल, कोणाच्या हातून झालं ते येणार नाही. '९.४० वाजता पडताळणी न करता दुसरा टप्पा सुरू झाला' एवढं पुरेसं आहे. पडताळणी न करता तो सुरू होऊच कसा शकला, याचं उत्तर आपल्याला हवं आहे.

रेकॉर्डिंगचा उपयोग तीनच गोष्टींसाठी: टिपणं अचूक करणं, रात्रपाळीतल्या दोघांना ऐकवणं, आणि तांत्रिक अहवालातला घटनाक्रम पडताळणं. कोणाच्या वार्षिक मूल्यमापनासाठी, कारवाईसाठी, बाहेरच्या कंपनीशी कराराच्या वादासाठी किंवा नव्या लोकांच्या प्रशिक्षणात वाजवण्यासाठी ते वापरलं जाणार नाही. विभागप्रमुखांनी हे लेखी मान्य केलं आहे. तो मेल या पत्रासोबत जोडला आहे. उद्या आणखी कोणी रेकॉर्डिंग मागितलं तर मी आधी तुम्हा सगळ्यांना विचारेन. कायद्याने बंधनकारक आदेश आला तर मात्र मला नाही म्हणता येणार नाही, आणि तो आला असेल तर फाइल पुसताही येणार नाही. तसं झालं आणि कळवायची मुभा असली, तर पहिल्यांदा तुम्हाला कळवेन.

डेटा हलवण्याचं काम करणाऱ्या कंपनीतले दोघे सध्या जर्मनीतून काम करतात, त्यांच्यासाठी वेगळं लिहिते. जर्मन दंडसंहितेच्या कलम २०१ प्रमाणे खासगीत बोललेले शब्द परवानगीशिवाय रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे. युरोपीय संघाच्या जीडीपीआरमधल्या कलम ७ प्रमाणे दिलेली संमती केव्हाही मागे घेता येते, आणि मागे घेणं हे देण्याइतकंच सोपं असावं लागतं. ही दुसरी गोष्ट मी आपल्या सगळ्यांनाच लागू करते आहे. तुम्हा दोघांना तुमच्या ऑफिसचीही परवानगी घ्यावी लागत असेल तर ती मंगळवारच्या आत घ्या. तिला उशीर होणार असेल तर तसं सांगा, आपण रेकॉर्डिंगशिवाय बैठक घेऊ.

बैठक चालू असताना कोणीही 'थांबवा' म्हणा किंवा मला एकटीला संदेश पाठवा, मी लगेच बंद करेन. बैठकीनंतर मन बदललं तर एक ओळीचा मेल पुरे. तुमच्या बोलण्याचा भाग मी दोन कामाच्या दिवसांत कापून टाकेन आणि कापलेलं ऐकवून खात्री करून देईन. इतरांच्या बोलण्यात तो असा गुंतलेला असेल की वेगळा काढता येत नाही, तर सगळी फाइल पुसेन.

तुम्ही सगळे 'हो' म्हणालात, तरी गुरुवारी बटण दाबण्याआधी मी हे वाचून दाखवेन:

"नमस्कार. आता ११ वाजून १० मिनिटं झाली आहेत. पुढच्या ५५ मिनिटांचा आवाज मी रेकॉर्ड करू का? उपयोग टिपणांसाठी, रात्रपाळीतल्या सहकाऱ्यांना ऐकवण्यासाठी आणि घटनाक्रम पडताळण्यासाठी. २३ डिसेंबरला फाइल पुसली जाईल, बॅकअपमधली प्रत २२ जानेवारीला जाईल. मेलवर हो म्हटलेल्यांनाही आत्ता नको म्हणता येईल. मी अर्धा मिनिट थांबते, मला एकटीला संदेश पाठवला तरी चालेल."

तेवढं थांबून, कोणी नको म्हटलं नाही तरच बटण दाबेन. मग रेकॉर्डिंगमध्येच हजर असलेल्यांना एकेक करून 'चालेल का?' असं विचारेन. उशिरा कोणी आलं तर थांबवून त्यांनाही विचारेन, आणि बंद करताना 'आता रेकॉर्डिंग बंद आहे' असं मोठ्याने सांगेन. तुमच्या पडद्यावरची लाल खूणही गेली आहे ना, ते तेव्हा पाहून घ्या.

उत्तरात 'हो', 'नको' किंवा 'हो, पण' एवढं लिहिलंत तरी पुरे. काही विचारायचं असेल तर सोमवारी आणि मंगळवारी दुपारी ३ ते ४ मी फोनवर मोकळी आहे.

आपली,
प्रकल्प समन्वयक

सोबत: विभागप्रमुखांचा मेल